प्रकाशित झालेल्या व्हिडिओ मालिकेला एकसारखा इंट्रो, आउट्रो आणि एंड स्क्रीन कसा द्यावा

यूट्यूबवर मालिका सुरू करताना पहिल्या धड्यापासूनच सगळे ठरवून काम करणारे थोडेच असतात. बहुतेकांचे पहिले काही व्हिडिओ नुसतेच सुरू होतात, मधल्या काहींना एखाद्या मोबाइल ॲपमधून घेतलेला चकचकीत इंट्रो असतो आणि शेवटचे काही नीट बांधलेले असतात. मोडी लिपी शिकवणाऱ्या माझ्या २४ धड्यांच्या मालिकेची स्थिती अगदी अशीच होती. ती एकसारखी करण्यासाठी मी जे केले ते येथे क्रमाने मांडले आहे. नवख्या माणसाला संगणकावर फाइल उघडता आणि जतन करता येत असेल, तर त्याला यातील प्रत्येक पायरी जमेल.

आरंभी एक गोष्ट समजून घेतली पाहिजे, कारण पुढचे सगळे निर्णय तिच्यावर अवलंबून आहेत. इंट्रो आणि आउट्रो हे व्हिडिओच्या फाइलचे भाग असतात, तर एंड स्क्रीन हा यूट्यूबने फाइलच्या वरून दाखवलेला थर असतो. प्रकाशित व्हिडिओची फाइल बदलून तोच दुवा कायम ठेवण्याची सोय यूट्यूब देत नाही. नवी फाइल चढवली की नवा दुवा मिळतो आणि पाहण्यांची संख्या, टिप्पण्या व पसंती जुन्या दुव्यापाशीच राहतात. यूट्यूब स्टुडिओमधील संपादकाने प्रकाशित व्हिडिओमधून काही भाग कापता येतो, पण बाहेरून आणलेला चित्रभाग त्यात जोडता येत नाही. थोडक्यात, दुवा न मोडता वजाबाकी करता येते, बेरीज करता येत नाही. विमिओवर मात्र दुवा तोच ठेवून फाइल बदलता येते. तुमची मालिका तेथे असेल, तर या लेखातील फाइल तयार करण्याचा भाग तेवढा तुमच्या उपयोगाचा आहे.

म्हणून सर्व २४ व्हिडिओंना इंट्रो लावण्याचा हट्ट मी सोडला. मालिका एकसारखी दिसायची असेल तर प्रत्येक व्हिडिओत तेच चित्र असले पाहिजे असे नाही; विसंगत गोष्टी काढून टाकल्या आणि शेवट सगळीकडे सारखा केला, तरी प्रेक्षकाला मालिका एका हाताची वाटते.

पहिली पायरी: प्रत्येक व्हिडिओची नोंद

एक तक्ता करावा आणि प्रत्येक व्हिडिओचे पहिले १५ व शेवटचे २५ सेकंद प्रत्यक्ष पाहून तो भरावा. त्यात पाच गोष्टी हव्यात: सुरुवातीला जुना इंट्रो आहे का आणि तो किती सेकंदांचा आहे, बोलणे नेमके कोणत्या सेकंदाला संपते, त्यानंतर काही सेकंद मोकळे उरतात का, शेवटच्या सेकंदांत पडद्याचा कोणता कोपरा रिकामा असतो, आणि मूळ फाइल तुमच्याजवळ आहे का. हे काम कंटाळवाणे असले तरी टाळू नये. माझ्या तक्त्यात असे दिसले की धडा १० ते १४ या पाच व्हिडिओंना १२ सेकंदांचा इंट्रो होता, धडा ७ मध्ये शेवटच्या सेकंदापर्यंत लेखन चालू होते, आणि धडा १, ३, ४ व ६ यांचा आवाज इतका खाली होता की ते कधीतरी पुन्हा चढवावेच लागणार होते.

या शेवटच्या नोंदीवरूनच वाटणी आपोआप झाली. जे व्हिडिओ दुसऱ्या सबळ कारणासाठी दुरुस्त करायचेच आहेत, तेवढेच इंट्रो-आउट्रो जोडून नव्याने चढवावेत. बाकीच्यांना कात्री आणि एंड स्क्रीन पुरेशी आहे. केवळ चार सेकंदांच्या इंट्रोसाठी चांगला चाललेला व्हिडिओ नव्या दुव्यावर नेणे मला मुळीच पटत नाही.

दुसरी पायरी: विसंगत भाग कापणे

यूट्यूब स्टुडिओ संगणकावरील ब्राउझरमध्ये उघडावा, डावीकडील "Content" मधून व्हिडिओ निवडावा आणि "Editor" मध्ये जावे. तेथे "Trim & cut" निवडले की सुरुवातीची कड ओढून जुना इंट्रो कापता येतो आणि शेवटची कड ओढून रेंगाळलेला शेवट काढता येतो. कापण्याची जागा आधी कानाने ठरवावी. बोलण्याच्या पहिल्या शब्दाच्या अर्धा सेकंद आधी कापले, तर श्वास घेतल्याचा आवाज राहतो आणि सुरुवात नैसर्गिक वाटते. अगदी शब्दाला चिकटून कापले, तर "नमस्कार" मधला "न" अर्धवट ऐकू येतो.

जतन केल्यावर यूट्यूब व्हिडिओवर पुन्हा प्रक्रिया करतो आणि तिला बराच वेळ लागू शकतो. तोवर प्रेक्षकांना जुनेच रूप दिसत राहते. चूक झाली तर मूळ रूपावर परत जाण्याची सोय त्याच संपादकात आहे. दोन मर्यादा ठाऊक असाव्यात: सहा तासांपेक्षा मोठा व्हिडिओ या संपादकात कापता येत नाही, आणि तुमची वाहिनी यूट्यूबच्या भागीदार कार्यक्रमात नसेल, तर एक लाखाहून अधिक पाहण्या झालेल्या व्हिडिओवर असे बदल जतन होत नाहीत.

कापल्यानंतर सगळ्या वेळा मागे सरकतात, ही गोष्ट हमखास विसरली जाते. वर्णनात प्रकरणांच्या वेळा लिहिल्या असतील, तर त्या हाताने बदलाव्या लागतात. माझ्या धडा ११ मध्ये "०२:४०" ला स्वरांचा भाग सुरू होत होता. १२ सेकंद कापल्यावर ती वेळ "०२:२८" झाली. उपशीर्षके असतील तर तीही एकदा चालवून पाहावीत.

तिसरी पायरी: एंड स्क्रीनचा एक साचा

एंड स्क्रीन व्हिडिओच्या शेवटच्या ५ ते २० सेकंदांत दाखवता येतो. त्यासाठी व्हिडिओ किमान २५ सेकंदांचा असावा लागतो आणि तो "मुलांसाठी बनवलेला" असे नोंदवलेला नसावा. नेहमीच्या आडव्या व्हिडिओवर जास्तीत जास्त चार घटक ठेवता येतात: दुसरा व्हिडिओ, प्लेलिस्ट, सबस्क्राइबचे वर्तुळ, दुसरी वाहिनी इत्यादी. यांपैकी एक तरी घटक व्हिडिओ किंवा प्लेलिस्ट असावाच लागतो. चारही जागा भरण्याची गरज नाही. शिकवण्याच्या मालिकेत प्रेक्षकाला पुढचा धडाच हवा असतो, म्हणून मी दोनच घटक ठेवले: डावीकडे पुढच्या धड्याची चौकट आणि उजवीकडे सबस्क्राइबचे वर्तुळ.

ज्याचा शेवट सर्वांत मोकळा आहे असा एक व्हिडिओ आदर्श म्हणून निवडावा. त्याच्या "Details" पानावर "End screen" चा चौकोन असतो. तो उघडून घटक ठेवावेत, ओढून जागेवर आणावेत आणि खालच्या पट्टीवर त्यांची सुरू होण्याची वेळ ठरवावी. घटक अगदी तळाशी टेकवू नयेत. पडद्याला हात लावला किंवा माउस हलवला की खालची नियंत्रणपट्टी वर येते आणि तळाचा भाग झाकला जातो.

हा आदर्श तयार झाला की दुसऱ्या व्हिडिओच्या एंड स्क्रीनमध्ये जाऊन "Import from video" निवडावे आणि आदर्श व्हिडिओ दाखवावा. घटक त्याच आकारात, त्याच जागी उचलून येतात, त्यामुळे २४ वेळा मोजमाप करावे लागत नाही. येथे माझ्या हातून एक चूक झाली. आदर्श म्हणून मी पहिला धडा घेतला होता आणि त्यात "पुढचा व्हिडिओ" म्हणून धडा २ निवडलेला होता. उचलताना तोही तसाच उचलला गेला. तीन आठवडे माझ्या निम्म्या मालिकेत बाराखडीच्या धड्यानंतरही प्रेक्षकांना धडा २ कडेच पाठवले जात होते. एका विद्यार्थिनीने "पुढचा धडा दाबला की मागे का जातो?" असे विचारले, तेव्हा ते लक्षात आले. म्हणून उचलल्यानंतर व्हिडिओच्या घटकावर टिचकी देऊन "Choose specific video" मधून त्या त्या धड्याचा खरा पुढचा धडा निवडावा आणि तक्त्यात खूण करावी. एवढी मेहनत नको असेल, तर व्हिडिओऐवजी संपूर्ण मालिकेची प्लेलिस्ट ठेवावी. ती सगळीकडे सारखीच चालते, मात्र प्रेक्षकाला ती थेट पुढच्या धड्यावर नेत नाही.

शेवटपर्यंत बोलणे चालू असेल तर

जुन्या व्हिडिओंमध्ये खरी अडचण ही असते. धडा ७ मध्ये मी बोरूने कागदावर एक शब्द लिहीत असते. मोडीत आधी सबंध ओळभर शिरोरेषा ओढतात आणि मग अक्षरे तिला लटकवत, शक्यतो हात न उचलता लिहितात. त्यामुळे शब्द कसा वळतो हे पाहणे हाच त्या धड्याचा गाभा आहे. साच्यातली १२ सेकंदांची एंड स्क्रीन तशीच आणली, तेव्हा पुढच्या धड्याची चौकट नेमकी त्या शब्दाच्या पहिल्या दोन अक्षरांवर बसली.

अशा वेळी आधी वेळ कमी करावी. पाच सेकंद हा किमान कालावधी असला तरी दोन घटकांना तो पुरतो. त्यानंतर तक्त्यात नोंदवलेल्या रिकाम्या कोपऱ्यात घटक सरकवावेत, मग तो साच्यातला कोपरा नसला तरी चालेल. धडा ७ मध्ये मी एंड स्क्रीन शेवटच्या सहा सेकंदांवर आणली आणि दोन्ही घटक शिरोरेषेच्या वर, कागदाच्या कोऱ्या भागावर ठेवले. शिकवलेले झाकले जाण्यापेक्षा जागा थोडी वेगळी असलेली बरी, असे माझे स्पष्ट मत आहे.

न कापता आणि न जोडता सगळ्या व्हिडिओंना एकदम ओळख देणारी आणखी एक सोय आहे. स्टुडिओच्या "Customization" मध्ये "Video watermark" असते. १५० × १५० पिक्सेलचे, एक एमबीपेक्षा लहान चित्र तेथे दिले की ते वाहिनीवरील सर्व व्हिडिओंच्या कोपऱ्यात दिसू लागते. ज्या वीस व्हिडिओंना मी इंट्रो लावला नाही, त्यांच्यात हेच चिन्ह इंट्रोची उणीव भरून काढते. एंड स्क्रीन चालू असताना ते आपोआप लपते, म्हणून दोघांची टक्कर होत नाही.

चौथी पायरी: इंट्रो आणि आउट्रोच्या फाइली

आता नव्याने चढवायच्या चार धड्यांकडे वळू. इंट्रो चार सेकंदांचा पुरतो. त्यात मालिकेचे नाव, वाहिनीचे चिन्ह आणि एक छोटी धून एवढेच असावे. धड्याचा क्रमांक इंट्रोत घालू नये, नाहीतर प्रत्येक धड्यासाठी वेगळी फाइल करावी लागते.

आउट्रो एंड स्क्रीन डोळ्यांसमोर ठेवूनच आखावा. माझा आउट्रो १२ सेकंदांचा आहे: कागदाच्या रंगाची साधी पार्श्वभूमी, डावीकडे मोकळी चौकट, उजवीकडे मोकळी वर्तुळाकार जागा आणि मध्ये काहीही नाही. त्यावर माझ्या आवाजात "पुढचा धडा डावीकडच्या चौकटीत आहे" हे वाक्य आधी येते आणि "धन्यवाद" सर्वांत शेवटी. हा क्रम मुद्दाम आहे, कारण "धन्यवाद" कानावर पडताच प्रेक्षक निघून जातो. वाक्यात धड्याचे नाव न घेतल्यामुळे एकच फाइल सगळीकडे चालते. अपवाद शेवटच्या धड्याचा; त्यासाठी वेगळे वाक्य ध्वनिमुद्रित करून ठेवावे.

पाचवी पायरी: जोडणी

मूळ फाइल हाताशी नसेल, तर स्टुडिओमधून ती उतरवून घेण्याचा मोह टाळावा. तेथून मिळणारी फाइल ७२०पी किंवा त्याहून कमी दर्जाची असते आणि ती पुन्हा चढवली की चित्र आणखी उतरते. आपल्या खात्यातील माहिती उतरवून देणाऱ्या गूगल टेकआउट या सेवेतून चढवलेले व्हिडिओ मागवावेत. ते सुस्थितीत मिळतात.

जोडणी कोणत्याही संपादन सॉफ्टवेअरमध्ये करता येईल. मी एफएफएमपेग हे टर्मिनलमध्ये आज्ञा लिहून चालवायचे सॉफ्टवेअर वापरते, कारण चारही फाइलींना नेमके तेच मापदंड लागतात. जोडणी फसण्याचे नेहमीचे कारण म्हणजे इंट्रो एका मापाचा आणि धडा दुसऱ्या मापाचा असणे. त्यात मोबाइलचे चित्रण बहुधा बदलत्या फ्रेमगतीचे, म्हणजे दर सेकंदाला कमीजास्त चित्रे असलेले असते, त्यामुळे जोडल्यावर ओठ आणि आवाज हळूहळू एकमेकांपासून सुटतात. म्हणून आधी धडा ठरावीक मापात आणावा:

```
ffmpeg -i dhada03.mp4 -vf "scale=1920:1080:force_original_aspect_ratio=decrease,pad=1920:1080:-1:-1,setsar=1,fps=30,format=yuv420p" -af "loudnorm=I=-16:TP=-1.5" -c:v libx264 -crf 18 -c:a aac -ar 48000 -ac 2 dhada03-std.mp4
```

ही आज्ञा चित्र १९२० × १०८० च्या चौकटीत बसवते, फ्रेमगती सेकंदाला ३० अशी स्थिर करते आणि आवाज एका पातळीवर आणते. इंट्रो आणि आउट्रोच्या फाइलीही याच आज्ञेतून `intro-std.mp4` आणि `outro-std.mp4` या नावांनी काढाव्यात. फक्त `-af` आणि त्यापुढील अवतरणातील भाग गाळावा, कारण चार सेकंदांच्या धुनेवर आवाजाचे हे मोजमाप भरवशाचे ठरत नाही. तिची पातळी कानाने ठरवावी. इअरफोन लावून इंट्रो आणि धड्याचे पहिले वाक्य सलग ऐकावे. धून संपून बोलणे सुरू झाल्यावर आवाज वाढवण्यासाठी हात पुढे जात असेल, तर धून मोठी आहे.

मग `list.txt` नावाची साधी मजकूर फाइल करावी आणि त्याच फोल्डरमध्ये दुसरी आज्ञा द्यावी:

```
file 'intro-std.mp4'
file 'dhada03-std.mp4'
file 'outro-std.mp4'
```

```
ffmpeg -f concat -safe 0 -i list.txt -c copy -movflags +faststart dhada03-new.mp4
```

तिन्ही फाइली एकाच मापाच्या असल्यामुळे ही जोडणी काही क्षणांत होते आणि चित्राचा दर्जा पुन्हा घसरत नाही. तयार फाइलची तीन ठिकाणे पाहावीत: इंट्रो आणि धडा यांचा सांधा, धड्याचा मधला भाग आणि धडा व आउट्रो यांचा सांधा. मध्यभागी ओठांची हालचाल आवाजाशी जुळत असेल आणि दोन्ही सांध्यांवर चित्र गोठत नसेल, तर फाइल योग्य आहे. सांध्यानंतर आवाज नाहीसा होत असेल, तर एखाद्या फाइलच्या ध्वनीचे मापदंड वेगळे राहिले आहेत असे समजावे आणि ती फाइल पुन्हा पहिल्या आज्ञेतून काढावी.

जुन्या व्हिडिओची उपशीर्षके वाया घालवू नयेत. ती स्टुडिओच्या "Subtitles" मधून एसआरटी स्वरूपात उतरवावीत आणि इंट्रोच्या लांबीइतकी पुढे ढकलावीत:

```
ffmpeg -itsoffset 4 -i dhada03.srt dhada03-new.srt
```

वर्णनातील प्रकरणांच्या वेळांतही चार सेकंद मिळवावेत, पण पहिले प्रकरण "००:००" लाच ठेवावे, अन्यथा यूट्यूब प्रकरणे दाखवत नाही. इंट्रोला स्वतंत्र प्रकरण करण्याचा प्रयत्न करू नये, कारण प्रत्येक प्रकरण किमान दहा सेकंदांचे असावे लागते.

सहावी पायरी: अदलाबदल

नवी फाइल चढवताना "Show more" खाली सदस्यांना सूचना पाठवण्याची चौकट असते; तिची खूण काढावी. जे धडे लोकांनी दोन वर्षांपूर्वी पाहिले आहेत, त्यांची सूचना एका पाठोपाठ चार वेळा मिळाली तर ते वैतागतात. शीर्षक, वर्णन आणि मुखचित्र जुन्याचेच घ्यावे. व्हिडिओ प्लेलिस्टमध्ये घालून जुन्याच्या जागी ओढून आणावा आणि जुना प्लेलिस्टमधून काढावा. मग एंड स्क्रीन उचलून आणावी. आउट्रो त्याच मापाचा असल्यामुळे चौकट आणि वर्तुळ आपापल्या मोकळ्या जागी बरोबर बसतात.

जुना व्हिडिओ पुसू नये. त्याची दृश्यता "Unlisted" करावी. माझ्या धड्यांचे दुवे कितीतरी व्हॉट्सॲप गटांतून फिरले आहेत आणि काही शिक्षकांनी ते आपल्या टिपणांत छापले आहेत. व्हिडिओ पुसला असता, तर त्या सगळ्यांच्या हाती कोरा पडदा आला असता. "Unlisted" केलेला व्हिडिओ शोधात येत नाही, पण दुवा असलेल्याला तो दिसतो. त्याच्या वर्णनाच्या पहिल्या ओळीत आणि खिळवलेल्या टिप्पणीत नव्या व्हिडिओचा दुवा द्यावा, आणि त्याच्या एंड स्क्रीनमध्येही नवाच व्हिडिओ निवडावा.

येथे एक साखळी तपासायची राहते. धडा ३ नव्या दुव्यावर गेला की धडा २ च्या एंड स्क्रीनमध्ये अजून जुनाच धडा ३ असतो. म्हणून ज्या धड्याचा दुवा बदलला, त्याच्या आधीच्या धड्याची एंड स्क्रीन उघडून घटक बदलावा आणि वर्णनांतील दुवेही पाहावेत. हे सगळे झाल्यावर लॉगइन नसलेल्या ब्राउझरमध्ये पहिला धडा उघडावा, प्रत्येक वेळी शेवटच्या वीस सेकंदांवर जाऊन चौकट दाबावी आणि असेच शेवटच्या धड्यापर्यंत पोहोचावे. मला २४ धड्यांना वीस मिनिटे लागली आणि दोन चुकीचे दुवे सापडले: धडा ५ जुन्या सहाव्याकडे जात होता आणि धडा १८ स्वतःकडेच.